विषय आधी, शीर्षक नंतर : सांगलीतील एका शाळेच्या वार्षिकांकाचे मतदान

सांगली शहरात कृष्णेपासून फार दूर नसलेल्या एका माध्यमिक शाळेने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाच्या वार्षिकांकाचे विषयसूत्र आणि शीर्षक विद्यार्थ्यांच्या मतदानाने ठरवले. मतदान घेणाऱ्या शाळा अनेक असतील. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मतदानाची पद्धत बदलली तर त्याच विद्यार्थ्यांच्या त्याच आवडीनिवडीतून वेगळा विषय निवडून येतो, हे या शाळेला प्रत्यक्ष मतदानाच्या आधीच दिसले आणि त्यानुसार नियम बदलण्यास वेळही मिळाला. पाचवी ते दहावीच्या प्रत्येकी दोन तुकड्या, प्रत्येक तुकडीचे दोन प्रतिनिधी, दोन भाषाशिक्षक, चित्रकलेचे शिक्षक आणि विज्ञानाच्या एक शिक्षिका अशी संपादक समिती होती. मतमोजणीच्या वेळी मी तेथे उपस्थित होतो आणि समितीची टिपणवहीही मला पाहायला मिळाली.

आधीच्या वर्षांत एकाच चिठ्ठीवर विषय आणि शीर्षक दोन्ही मागवले जात असत. त्याचा परिणाम असा होई की, मुले विषयाला नव्हे तर कानाला गोड लागणाऱ्या शब्दाला मत देत. मागील वर्षी ‘भरारी’ हे शीर्षक मोठ्या फरकाने निवडले गेले, परंतु भरारीविषयी नेमके काय लिहायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. गरुड, अंतराळ, महिलांची प्रगती, जिद्द, यश अशा पाच दिशांना फाकलेले लेख आले आणि त्यांतील बरेचसे इंटरनेटवरून उतरवलेले होते. लेख उतरवलेला आहे हे ओळखणे कठीण नसते, कारण सहावीच्या मुलीच्या निबंधात तिच्या घराचे, गल्लीचे किंवा ओळखीच्या माणसाचे एकही नाव येत नाही. या अनुभवावरून समितीने पहिला निर्णय घेतला, तो विषय आणि शीर्षक यांची मतदाने वेगळी करण्याचा. विषय ठरेपर्यंत शीर्षकाची सूचना स्वीकारायचीच नाही, असे सर्व वर्गांत सांगण्यात आले.

दुसरा निर्णय वेळेचा होता. सांगलीत जुलैचा शेवटचा आठवडा आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा गृहीत धरून कोणतेही वेळापत्रक आखता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचे महापूर याच काळातले, आणि पाणी चढू लागले की शाळांना सुट्टी मिळते, काही शाळांत पूरग्रस्तांची सोयही करावी लागते. म्हणून जूनच्या अखेरीस सूचना, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विषयाचे मतदान आणि त्यानंतरच्या आठवड्यात शीर्षकाचे मतदान असा क्रम ठरला. लेख दिवाळीच्या सुट्टीपूर्वी जमा झाले, तरच डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात छापील अंक हाती देता येतो, आणि लेख जमण्यासाठी विषय कळल्यानंतर मुलांना अडीच-तीन महिने तरी मिळावे लागतात.

चिठ्ठ्यांपासून मतपत्रिकेपर्यंत

वर्गावर्गांतून आलेल्या चिठ्ठ्या समितीने जमिनीवर पसरून गटवार लावल्या. क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त होत्या. त्याखालोखाल नदी, घाट, पूर, पाऊस यांच्या होत्या. नाटक, सण, मोबाईल, अंतराळ, हळदीचा बाजार, आजीच्या गोष्टी, शेतकरी आणि ‘काहीही चालेल’ अशाही चिठ्ठ्या होत्या. एवढ्या सर्व सूचना मतपत्रिकेवर घेता येत नाहीत, आणि शिक्षकांनी आपल्या मर्जीने चार निवडल्या तर मतदानाला अर्थ राहत नाही. या पेचातून वाट काढण्यासाठी समितीने एक चाचणी लावली, आणि या संपूर्ण प्रकरणातील ती सर्वांत उपयुक्त गोष्ट होती, असे माझे मत आहे.

चाचणी अशी. विषय सुचवणाऱ्याने किंवा त्या विषयाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या प्रतिनिधीने फळ्यावर त्याच विषयातून निघू शकणारे दहा लेख लिहायचे. हे लेख ‘पाण्याचे महत्त्व’ अशा निबंधाच्या मथळ्यांसारखे नकोत. कोण लिहील, कोणाला विचारून लिहील आणि काय पाहून लिहील, हे प्रत्येकापुढे सांगता आले पाहिजे. दहांपैकी किमान दोन लेख पाचवीतल्या मुलाला घरी विचारून लिहिता येण्याजोगे असावेत, एक मुलाखत असावी, एक विज्ञान किंवा गणिताच्या अंगाने जाणारा असावा आणि दोन ठिकाणी चित्र अथवा छायाचित्र काढायला प्रत्यक्ष जाता यावे. अंतराळाचा विषय सुचवणाऱ्या आठवीच्या विद्यार्थ्याने सात लेख भराभर लिहिले, पण त्यांतील एकासाठीही कोणाला भेटायला किंवा कोठे जायला नको होते. सगळे लेख पुस्तकातून पुस्तकात जाणारे होते. मोबाईलचा विषय मुलाखतीपर्यंत टिकला आणि पुढे सगळे लेख ‘फायदे-तोटे’ या एकाच वळणावर येऊन थांबले. हळदीच्या बाजाराचा विषय मात्र अनपेक्षितपणे तरला, कारण वडील मार्केट यार्डात हमाली करतात अशी एक मुलगी समितीत होती आणि तिने पोत्याचे वजन, सौद्याची पद्धत आणि हळदीने पिवळे झालेले कपडे यांवरून तीन लेख जागेवरच सांगितले.

चाचणीनंतर पाच विषय उरले : खेळ, नदी, पूर, सांगलीचे नाटक आणि सांगलीची बाजारपेठ. नाटकाचा विषय शिक्षकांचा लाडका होता, हे लपून राहण्यासारखे नव्हते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते याच गावात, आणि त्यामुळे नाट्यपंढरी हा शब्द येथे प्रत्येक भाषणात येतो. परंतु समितीतील शिक्षकांनी मतपत्रिकेवरील एकाही विषयाची वर्गात शिफारस करायची नाही, असे ठरवले होते आणि ते पाळले गेले.

आठवीतील रंगीत तालीम

मतदानाचा मूळ नियम सर्वांना माहीत असलेला होता : एका विद्यार्थ्याला एक मत, आणि ज्याला सर्वाधिक मते तो विषय. हा नियम जाहीर करण्याआधी विज्ञानाच्या शिक्षिकांनी आठवीच्या दोन तुकड्यांत एक तालीम घेण्याचा आग्रह धरला. त्यांनी मुलांना फक्त एक खूण करायला न सांगता पाचही विषयांपुढे १ ते ५ असे पसंतीचे आकडे लिहायला सांगितले. मग त्याच ब्याण्णव मतपत्रिका दोन पद्धतींनी मोजल्या.

पहिल्या पद्धतीत फक्त ‘१’ हा आकडा धरला. खेळाला २९, नदीला २२, पुराला २०, नाटकाला १२ आणि बाजारपेठेला ९ मते पडली. म्हणजे जुन्या नियमाने खेळ हा विषय जिंकला असता, आणि तोही एकतृतीयांशापेक्षा कमी मुलांच्या पसंतीने. दुसऱ्या पद्धतीत सर्वांत कमी मते असलेला विषय बाद करायचा, त्याच्या मतपत्रिका त्या-त्या मुलाने पुढची पसंती ज्याला दिली आहे त्या विषयाच्या गठ्ठ्यात टाकायच्या, आणि दोनच विषय उरेपर्यंत हेच करत राहायचे. बाजारपेठ बाद झाली, नाटक बाद झाले, त्यानंतर पूर बाद झाला. तेव्हा पुराच्या गठ्ठ्यातील २३ मतपत्रिकांपैकी १९ नदीकडे गेल्या आणि चारच खेळाकडे गेल्या. अखेरचा निकाल नदी ५० आणि खेळ ४२ असा लागला.

कारण उघड होते. नदी आणि पूर हे दोन विषय एकाच घरातले होते. ज्याला एक आवडे त्याला बहुधा दुसराही आवडे, आणि एकच मत देण्याच्या पद्धतीत ही मते आपसांत वाटली जात. खेळाच्या बाबतीत असे झाले नाही, कारण क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांच्या चिठ्ठ्या समितीने आधीच एका नावाखाली आणल्या होत्या. ही बाब नववीच्या एका प्रतिनिधीच्या हरकतीमुळे नोंदवली गेली. तालमीनंतर नदी आणि पूर एकत्र करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, निकाल बघून दोन विषय जोडले तर आमच्या खेळावर अन्याय होतो.” हरकत रास्त होती, कारण तालमीत कोण मागे पडले हे पाहूनच जोडण्याची कल्पना निघाली होती. यावर समितीने जोडण्याचा नियम निकालाशी न बांधता लेखांशी बांधला : दोन विषयांच्या फळ्यावरील दहा लेखांपैकी सात किंवा अधिक लेख दोन्हीकडे बसत असतील, तर ते दोन विषय एकच धरायचे. हा नियम पाचही विषयांना लावून पाहिला. नदी आणि पूर यांचे आठ लेख जुळले. नाटक आणि बाजारपेठ यांचा एकही जुळला नाही. क्रिकेट आणि कुस्ती यांचे मात्र चारच जुळत होते, म्हणजे याच नियमाने खेळाचे गठ्ठे सुटे करावे लागले असते! खेळ एकत्रच राहू देण्याची सवलत मिळाल्यावर त्या विद्यार्थ्याने हरकत मागे घेतली.

नुसते जोडण्यावर समिती थांबली नाही. मतदान पसंतीक्रमाने घेण्याचेही ठरले, परंतु पाचवीच्या मुलांचा विचार करून १ ते ३ एवढेच आकडे मागायचे, आणि केवळ एका ठिकाणी बरोबरची खूण केली असेल तर ती पहिली पसंती मानायची, हे आधीच लिहून सूचनाफलकावर लावण्यात आले. मोजणीच्या टेबलावर बसल्यानंतर अशा गोष्टी ठरवू लागलो, तर प्रत्येक निर्णय कोणाच्या तरी बाजूचा वाटतो.

पुराविषयी एक नाजूक बाब होती. २०१९ च्या महापुराच्या वेळी आताचे दहावीचे विद्यार्थी चौथीत होते आणि पाचवीचे विद्यार्थी अंगणवाडीच्या वयाचे होते. मोठ्या मुलांपैकी काहींच्या घरांत तेव्हा पाणी शिरले होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले होते. वर्गशिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांशी एकेकट्याने बोलून घेतले. कोणीही विषयाला नकार दिला नाही, पण एका मुलीने आपल्या घराविषयी लिहिण्याची सक्ती नसावी असे सांगितले, आणि त्यावरून ‘पुरातील स्वतःचा अनुभव’ हा लेख कोणालाही नेमून द्यायचा नाही असे ठरले.

मतदान आणि मोजणी

मतदान वर्गात हात वर करून न घेता चिठ्ठीने घेतले. हात वर करायला सांगितले की मॉनिटरचा हात पाहून अर्धा वर्ग हात वर करतो, हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. मतपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाच्या विषयाला आपोआप थोडी जास्त मते मिळतात, म्हणून प्रत्येक इयत्तेच्या मतपत्रिकेवर विषयांचा क्रम वेगळा छापला. प्रत्येक विषयाच्या खाली दोन ओळींत त्यातून निघणारे तीन लेख दिले होते. माझ्या मते याचा परिणाम क्रम बदलण्यापेक्षा मोठा होता, कारण मतदाराला शब्दाऐवजी काम दिसत होते.

एकूण ५६१ विद्यार्थ्यांनी मत दिले आणि त्यांतील १३ मतपत्रिका बाद ठरल्या. बहुतेकांवर ‘१’ हा आकडा दोन ठिकाणी होता. उरलेल्या ५४८ मतपत्रिकांत पहिल्या पसंतीची मते नदीला २१२, खेळाला १८९, नाटकाला ८५ आणि बाजारपेठेला ६२ अशी पडली. प्रयोगशाळेच्या टेबलांवर चार गठ्ठे लावले होते. एक विद्यार्थी आकडा वाचे आणि दुसरा त्याच्या खांद्यावरून तो पाहून खात्री करी. बाजारपेठ आणि नंतर नाटक बाद होऊन त्यांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्यावर नदी २९१ आणि खेळ २३९ असा निकाल आला. काही मुलांनी एकच पसंती लिहिली होती, त्यामुळे अठरा मतपत्रिका वाटेत संपल्या. हे या पद्धतीत टळत नाही, आणि फरक त्यापेक्षा कमी असता तर त्यावर वाद झाला असता.

इयत्तावार आकड्यांनी मात्र समितीला थांबवले. पाचवी आणि सहावीत खेळ पुढे होता. एकूण मतांनी नदी जिंकली तरी सर्वांत लहान दोन इयत्तांना हवा तो विषय मिळाला नव्हता, आणि लेख मिळवणे याच इयत्तांत सर्वांत कठीण असते. फेरमतदान न घेता समितीने जिंकलेल्या विषयाच्या आत जागा काढली. कृष्णेतील होड्यांच्या शर्यती, पोहायला शिकणे आणि घाटावरचे खेळ यांची आठ पाने पाचवी-सहावीसाठी राखली. नाटकाचाही धागा नदीतच सापडला, कारण नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हरिपूर हे गाव कृष्णा-वारणेच्या संगमावर आहे.

शीर्षकाची निवड

शीर्षकासाठी आलेल्या सूचना गाळण्याची चाळणी एकच होती : सुचवलेले शीर्षक मागील वर्षीच्या अंकावर ठेवून पाहायचे; तेथेही ते बसत असेल, तर ते बाद. ‘प्रवाह’, ‘अंकुर’, ‘झेप’ आणि ‘उमेद’ या एकाच घावात गेल्या. ‘कृष्णाकाठ’ अनेकांनी सुचवले होते, परंतु यशवंतराव चव्हाण यांच्या आत्मचरित्राचे ते नाव असल्याने या भागात ते उच्चारताच त्या पुस्तकाची आठवण होते. तेही बाजूला ठेवले. पाच शीर्षके उरली : ‘काठ’, ‘घाटावर’, ‘नदीची शाळा’, ‘पंचेचाळीस फूट’ आणि ‘पाणी कुठवर आलं?’ चित्रकलेच्या शिक्षकांनी पाचही शीर्षके मुखपृष्ठाच्या आकाराच्या कागदावर काढून भिंतीवर लावली, आणि एका विद्यार्थिनीने ती सभागृहाच्या ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवली, कारण प्रकाशनाच्या वेळी ते नाव तसेच ऐकू येणार होते.

ही पाच नावे मुख्याध्यापकांकडे मतपत्रिका छापण्यापूर्वी गेली. ज्याला नकार द्यायचा आहे त्याने तो या टप्प्यावर द्यावा, निकालानंतर नाही, अशी अट होती आणि त्यांनी सही केली.

शीर्षकाचे मतदान मात्र पसंतीक्रमाने घेतले नाही. जी-जी शीर्षके अंकावर पाहायला आवडतील त्या सर्वांपुढे खूण करायची, मग ती एक असो की चार, अशी पद्धत ठेवली. यामागचा विचार मला पटला. विषयाच्या बाबतीत कोणाला काय सर्वाधिक हवे हे जाणून घ्यायचे असते, कारण त्यावर पुढे काम करायचे असते. शीर्षक वर्षभर सर्वांच्या हातात राहणार असते, म्हणून जे बहुतेकांना खटकत नाही ते शोधणे पुरेसे असते. मतदान केलेल्या ५३१ विद्यार्थ्यांपैकी ३४४ जणांनी ‘पाणी कुठवर आलं?’ पुढे खूण केली, ३०१ जणांनी ‘काठ’ पुढे आणि २५६ जणांनी ‘घाटावर’ पुढे. ‘पंचेचाळीस फूट’ हे शिक्षकांना सर्वांत धारदार वाटलेले शीर्षक १४१ खुणांसह शेवटी राहिले. नववी-दहावीत त्याला बरी मते होती, पण पाचवीच्या मुलांना त्या आकड्याचा अर्थ लागत नव्हता.

निकाल लागल्यावर मुख्याध्यापकांना शंका आली की हा प्रश्न पावसाळ्यात गावात ज्या काळजीने विचारला जातो ती मुखपृष्ठावर उतरेल, आणि अंक केवळ पुराचा वाटेल. त्यांनी सही मोडली नाही. मुखपृष्ठावर वाढलेले पाणी न दाखवता उन्हाळ्यातील घाट, उघड्या पडलेल्या पायऱ्या आणि खाली दूरवर पात्र दाखवावे, एवढी सूचना त्यांनी केली, आणि समितीने ती आनंदाने घेतली, कारण त्यामुळे प्रश्न दोन्ही अंगांनी वाचता येऊ लागला.

लेख जमा झाले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. नदीच्या अनुभवाचे, मुलाखतींचे आणि शर्यतींचे लेख पुरेसे होते, आणि घरच्या माणसांची नावे जवळपास प्रत्येक लेखात होती. दुसरी गोष्ट अशी की ‘आजोबांनी सांगितलेला पूर’ या एकाच घाटाचे लेख इतके आले की त्यांतले बरेच वगळून बाकीच्यांतील एकेक परिच्छेद एकत्र गुंफावा लागला. दहा लेखांच्या चाचणीत प्रत्येक लेखापुढे ‘असे किती जण लिहितील’ हा प्रश्न विचारला असता, तर हे आधीच दिसले असते. पुढील वर्षीच्या चाचणीत तो घालण्याचे ठरले आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या विषयाला पुढील वर्षी चिठ्ठ्यांच्या फेरीविना थेट मतपत्रिकेवर स्थान द्यावे, असाही ठराव झाला. याला आताच्या सातवीच्या प्रतिनिधींनी विरोध नोंदवला आहे, कारण पुढील वर्षी पाचवीत नवी मुले येतील आणि गेल्या वर्षीच्या मुलांची आवड त्यांच्या मतपत्रिकेवर का असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. हा मुद्दा जूनमधील पहिल्या बैठकीसाठी ठेवलेला आहे.